पत्रावर ‘इंडिया प्रायव्हेट लिमिटेड’ का, आणि ती कंपनी करते तरी काय?

प्रश्न: मुलाला पुण्यात एका जर्मन कंपनीचं ऑफर लेटर आलंय. मूळ कंपनी शंभर वर्षं जुनी आहे, पण पत्रावर ‘अमुक टेक्नॉलॉजी सेंटर इंडिया प्रायव्हेट लिमिटेड’ असं नाव आहे आणि शोधलं तर स्थापना २०१९ची दिसते. जर्मन कंपनीच नोकरी देतेय तर ही वेगळी कंपनी कशाला? खोटी तर नाही ना? आणि इथे ती नक्की काय काम करते, हे आम्हाला नाशिकला बसून कसं कळणार?

उत्तर: नाव वेगळं आणि स्थापना अलीकडची, एवढ्यावरून घाबरू नका. परदेशी कंपनी भारतात काम करते तेव्हा बहुतेक वेळा इथे भारतीय कायद्याखाली नवी कंपनी नोंदवते. २०१९ ही त्या भारतीय कंपनीची जन्मतारीख आहे. तुमच्या मुलाचा करार होणार तो हिच्याशी, पगार आणि पीएफ देणार तीही हीच. म्हणून शोध घ्यायचा तो प्रामुख्याने हिचा. मी बरीच वर्षं कंपनी सेक्रेटरी म्हणून अशाच कंपन्यांची कागदपत्रं भरत आलो आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

तुम्ही नाशिकचे आहात तर मायको सर्कल तुमच्या रोजच्या रस्त्यावरचं. मायको म्हणजे मोटर इंडस्ट्रीज कंपनी लिमिटेड. १९५१ साली स्थापन झालेली, जर्मनीच्या रॉबर्ट बॉशच्या सहभागातली ही भारतीय कंपनी. २००८मध्ये तिचं नाव बॉश लिमिटेड झालं. ती शेअर बाजारात आहे आणि बॉश समूहाकडे तिचे साधारण ७० टक्के शेअर आहेत. बाकीचे म्युच्युअल फंडांकडे, विमा कंपन्यांकडे, कदाचित तुमच्या शेजाऱ्यांकडेही असतील. दुसरीकडे बॉश ग्लोबल सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीज प्रायव्हेट लिमिटेड ही निराळी कंपनी आहे. २०२२पर्यंत तिचं नाव रॉबर्ट बॉश इंजिनिअरिंग अँड बिझनेस सोल्यूशन्स होतं. ती बाजारात नाही, पूर्णपणे समूहाच्या मालकीची आहे. हायड्रॉलिक्ससाठी बॉश रेक्सरॉथ, घरगुती उपकरणांसाठी बीएसएच, या आणखी वेगळ्या. बोधचिन्ह एकच, पण संचालक मंडळं, ताळेबंद आणि पगाराच्या चिठ्ठ्या वेगवेगळ्या. सातपूरच्या कारखान्यातला माणूस आणि हिंजवडीत कोड लिहिणारा माणूस दोघंही ‘बॉशमध्ये आहे’ असंच सांगतात, पण कायद्याच्या नजरेत त्यांचे मालक दोन आहेत.

हे असं का? परदेशी कंपनीला भारतात शिरायचे मुख्य मार्ग तीन. पहिला, लिएझन ऑफिस, म्हणजे संपर्क कार्यालय. त्याला इथे एक रुपयाही कमवायची परवानगी नसते, सगळा खर्च परदेशातून येणाऱ्या पैशातून करायचा. दुसरा, ब्रँच ऑफिस. ही शाखा कमाई करू शकते, पण स्वतः कारखाना चालवू शकत नाही आणि किरकोळ विक्रीही करू शकत नाही. शिवाय शाखा म्हणजे कायद्याने परदेशी कंपनीच, त्यामुळे तिच्या नफ्यावर परदेशी कंपनीचा आयकर लागतो. २०२४च्या अर्थसंकल्पात तो ४० टक्क्यांवरून ३५ टक्क्यांवर आणला, वर अधिभार वेगळा. भारतीय कंपनीने सवलती सोडून दिल्या तर तिला २२ टक्के, अधिभार आणि उपकर धरून साधारण २५.१७ टक्के कर पडतो. तिसरा मार्ग उपकंपनीचा. आयटी सेवा आणि बहुतेक उत्पादन क्षेत्रांत १०० टक्के परदेशी मालकी सरकारची आगाऊ परवानगी न घेता चालते. हा हिशोब समोर ठेवला की शाखा उघडायचा मोह फारसा कुणाला होत नाही. बँका आणि विमान कंपन्यांची गोष्ट निराळी, त्यांच्या शाखा तुम्हाला दिसतील.

कराइतकंच वजनदार कारण म्हणजे जबाबदारी. उपकंपनी ही स्वतंत्र कायदेशीर व्यक्ती असते, तिचं कर्ज आणि तिच्यावरचे दावे सहसा तिच्यापाशीच थांबतात. याचं सगळ्यात कडवट उदाहरण आपल्याच देशातलं आहे. भोपाळचा कारखाना युनियन कार्बाइड इंडिया लिमिटेडचा होता. अमेरिकन कंपनीकडे तिचे ५०.९ टक्के शेअर होते. १९८४च्या दुर्घटनेनंतर अमेरिकन कंपनीची भूमिका हीच राहिली की कारखाना चालवणारी भारतीय कंपनी वेगळी आहे. अमेरिकी न्यायालयाने १९८६मध्ये खटला भारतात चालवा म्हणून सांगितलं आणि १९८९मध्ये ४७ कोटी डॉलर्सवर तडजोड झाली. नोकरीच्या संदर्भात याचा अर्थ साधा आहे. भारतीय कंपनीने पगार थकवला तर जर्मन कंपनी आपोआप देणेकरी होत नाही. प्रत्यक्षात चांगले समूह नाव खराब होऊ नये म्हणून पैसे पुरवतात. पण तो त्यांचा निर्णय असतो, तुमचा हक्क नव्हे.

आणि आधीच एक भारतीय कंपनी असताना दुसरी कशाला, हा प्रश्न उरतोच. त्याचं मूळ इतिहासात सापडतं. १९७३च्या फेरा कायद्याने परदेशी मालकी साधारणपणे ४० टक्क्यांवर आणायला लावली. कोका-कोला आणि आयबीएम यांनी त्यापेक्षा गाशा गुंडाळणं पसंत केलं, बऱ्याच इतरांनी भारतीय जनतेला शेअर विकले. त्यामुळे जुन्या बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या भारतीय कंपन्या अनेकदा शेअर बाजारात दिसतात. १९९१नंतर दारं उघडली. मग नवं काम, विशेषतः सॉफ्टवेअर आणि संशोधनाचं, जुन्या कंपनीत घातलं तर त्याचा नफा बाहेरच्या भागधारकांशी वाटून घ्यावा लागणार आणि समूहाशी होणाऱ्या मोठ्या व्यवहारांना त्यांची मंजुरीही घ्यावी लागणार. ते टाळायचं तर पूर्ण मालकीची नवी प्रायव्हेट कंपनी काढणं सोपं पडतं. तुमच्या मुलाची २०१९ची कंपनी याच जातीची असावी, नावातलं ‘टेक्नॉलॉजी सेंटर’ तेच सुचवतंय. पण नावावर जायचं नसतं. कागद बघू.

ऑफर लेटरच्या तळाशी बारीक अक्षरात कंपनीचा २१ अक्षरांचा एक नोंदणी क्रमांक असेल, त्याला सीआयएन म्हणतात. कंपनीच्या लेटरहेडवर तो छापणं कायद्याने बंधनकारक आहे. तो साधारण असा दिसेल (शेवटचे सहा आकडे मी मुद्दाम झाकले आहेत):

```
U72900PN2019FTCxxxxxx
```

पहिलं `U` म्हणजे शेअर बाजारात नोंद नसलेली, नोंद असेल तर `L`. मग पाच आकडी उद्योग संकेतांक. मग राज्य. पुण्याच्या रजिस्ट्रारकडे नोंदलेल्या कित्येक कंपन्यांच्या क्रमांकात तिथे `MH`ऐवजी `PN` दिसतं, ते बघून दचकू नका. मग स्थापनेचं साल. आणि नंतरची तीन अक्षरं तुमच्या कामाची. `PTC` म्हणजे साधी प्रायव्हेट कंपनी, `FTC` म्हणजे परदेशी कंपनीची उपकंपनी असलेली प्रायव्हेट कंपनी. `FTC` असेल तर नोंदणीच्या वेळी मालक परदेशी होता एवढं समजलं. नसेल तर लगेच निष्कर्ष काढू नका, कारण आधी भारतीय असलेली कंपनी नंतर परदेशी समूहाने विकत घेतली तर तिथे जुनीच अक्षरं राहिलेली असू शकतात. सीआयएनच्या जागी `F`ने सुरू होणारा छोटा क्रमांक असेल तर समोर उपकंपनी नसून शाखा किंवा संपर्क कार्यालय आहे.

त्या पाच आकडी संकेतांकावर मात्र फार भिस्त ठेवू नका. बॉश लिमिटेडचा सीआयएन आहे `L85110KA1951PLC000761` आणि इन्फोसिसचा `L85110KA1981PLC013115`. २००४च्या औद्योगिक वर्गीकरणात ८५११ हा संकेतांक रुग्णालयांचा आहे! एकाने डिझेलचे पंप बनवले, दुसऱ्याने सॉफ्टवेअर, पण क्रमांक बघून कुणाला वाटेल दवाखाना चालवतात.

आता कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या `mca.gov.in` वर जा. तिथे खातं उघडून ‘View Company or LLP Master Data’मध्ये सीआयएन टाकला की फुकटात स्थापना, पत्ता, भांडवल, संचालक, शेवटची वार्षिक सभा आणि शेवटचा ताळेबंद कोणत्या तारखेचा ते दिसतं. स्थिती ‘Active’ हवी. ताळेबंदाची तारीख दोन-तीन वर्षं मागे अडकलेली असेल तर ते चांगलं लक्षण नाही. मार्चअखेरचा ताळेबंद सप्टेंबरअखेर सभेपुढे आणि नंतर ३० दिवसांत रजिस्ट्रारकडे जायला हवा, म्हणजे नोव्हेंबरच्या सुमारास तो दिसू लागतो. संचालकांत एखादा भारतीय आणि एखाद-दोन जर्मन नावं असणं अगदी नेहमीचं. निदान एक संचालक वर्षातून १८२ दिवस भारतात राहणारा असावा लागतो, म्हणून तो असतोच.

खरा माल पुढे आहे. ‘View Public Documents’मध्ये एका कंपनीसाठी १०० रुपये भरले की तिने आजवर भरलेली कागदपत्रं ठरावीक वेळेपुरती उघडतात. लोक पहिल्यांदा मेमोरँडम उघडतात, कारण त्यात ‘उद्दिष्टं’ लिहिलेली असतात. ती वाचून फारसं हाती लागत नाही. वकील मंडळी ती ऐसपैस लिहितात, पुढे काही नवं करायचं झालं तर दुरुस्तीची कटकट नको म्हणून. कंपनी काय *करू शकते* ते मेमोरँडममध्ये असतं, काय *करते* ते वार्षिक विवरणात आणि हिशोबात.

वार्षिक विवरण म्हणजे फॉर्म `MGT-7`. त्यात मुख्य व्यवसाय कोणता आणि उलाढालीत त्याचा वाटा किती टक्के, असा एक तक्ता असतो. त्याच्याखाली होल्डिंग कंपनीचं नाव आणि तिची टक्केवारी. इथे १०० ऐवजी ९९.९९ दिसलं तर गोंधळू नका. प्रायव्हेट कंपनीला किमान दोन भागधारक लागतात, म्हणून एखादा शेअर समूहातल्या दुसऱ्या कंपनीच्या नावावर ठेवलेला असतो. होल्डिंग कंपनी जर्मन नसून नेदरलँड्स किंवा सिंगापूरची निघाली तरी तेही नेहमीचंच. समूह आपली गुंतवणूक मधल्या कंपनीमार्फत ठेवतात. फक्त ती मधली कंपनी मूळ जर्मन कंपनीचीच आहे ना, हे पुढे जुळवून घ्यायचं.

मग फॉर्म `AOC-4` आणि त्याला जोडलेला हिशोब. जुन्या १९५६च्या कायद्यात प्रायव्हेट कंपनीचा नफातोटा बाहेरच्या माणसाला बघता येत नसे, आता येतो. याचा फायदा घ्या. आकड्यांच्या जंगलात न शिरता चार जागा वाचायच्या: पहिली टीप ‘कॉर्पोरेट इन्फर्मेशन’, मग महसुलाची टीप, खर्चाची फोड, आणि सगळ्यात महत्त्वाची ‘रिलेटेड पार्टी’ व्यवहारांची टीप.

समजा तुमच्या मुलाच्या कंपनीचा हिशोब असा निघाला (आकडे मी सोयीसाठी घेतलेत). महसूल ११५ कोटी, सगळा ‘सॉफ्टवेअर सेवां’चा. एकूण खर्च १०० कोटी, त्यात पगार ७० कोटी, घसारा ८ कोटी, भाडं, प्रवास, लायसन्स वगैरे २२ कोटी. कच्चा माल शून्य. आता रिलेटेड पार्टीच्या टीपेत बघा. होल्डिंग कंपनीला दिलेल्या सेवा: ११५ कोटी. म्हणजे हिचा ग्राहक एकच, तिची मालक. आणि नफा खर्चाच्या बरोबर १५ टक्के. मागच्या वर्षीचा रकाना बघा. तिथेही खर्च ८० आणि महसूल ९२ असेल, म्हणजे पुन्हा १५ टक्के, तर चित्र स्पष्ट झालं. ही कंपनी बाजारात काही विकत नाही. जो खर्च होईल तो आणि त्यावर ठरलेली टक्केवारी, एवढं बिल ती दरमहा जर्मनीला पाठवते. आयकर खात्याचे ट्रान्सफर प्रायसिंगचे नियम आहेत. समूहातल्या कंपनीचं काम फुकटात किंवा तोट्यात करून नफा परदेशात सरकवता येत नाही, म्हणून ही टक्केवारी ठेवावीच लागते. अशा कंपनीला आमच्याकडे कॅप्टिव्ह म्हणतात, हल्ली जीसीसी, म्हणजे ग्लोबल कॅपेबिलिटी सेंटर.

यावरून एक गोष्ट लक्षात येते जी बहुतेक पालक उलटी वाचतात. ‘दरवर्षी नफ्यात आहे’ हे अशा कंपनीच्या बाबतीत जवळपास काहीच सांगत नाही. तिचा नफा तिच्या रचनेतच घातलेला आहे. तिची तब्येत बघायची तर पगाराचा आकडा वर्षागणिक वाढतोय का ते बघा, आणि कार्यालयाची लीज अजून किती वर्षांची आहे ते बघा. पगार ७० वरून ५५ कोटींवर आला असेल तर नफ्याची टक्केवारी कायम असूनही माणसं कमी झाली आहेत. आणि हिचं भवितव्य जर्मनीतल्या बजेटवर ठरतं, त्यामुळे मूळ कंपनीच्या वार्षिक अहवालातलं नोकरकपातीचं पान हिच्या ताळेबंदापेक्षा जास्त बोलकं असतं.

हिशोबात निराळं काही दिसलं तर धंदाही निराळा. ‘परचेस ऑफ स्टॉक-इन-ट्रेड’ हा आकडा मोठा, खरेदी समूहाकडून आणि विक्री भारतीय ग्राहकांना, तर ती तयार माल आयात करून विकणारी कंपनी आहे आणि ‘इंजिनिअर’ म्हणून घेतलेला मुलगा विक्री किंवा सर्व्हिसला जाण्याची शक्यता मोठी. कच्चा माल, यंत्रसामग्री आणि मूळ कंपनीला दिलेली रॉयल्टी दिसली तर कारखाना आहे, तंत्रज्ञान तिकडचं. महसुलाची टीप दोन-तीन तुकड्यांत असेल तर मिश्र काम आहे. मग मुलाचं पद कोणत्या तुकड्यात बसतं ते विचारायचं.

फुकटात होणाऱ्या दोन पडताळण्या सांगतो. पीएफच्या संकेतस्थळावर ‘Establishment Search’मध्ये कंपनीचं नाव टाकलं की दर महिन्याला किती कर्मचाऱ्यांचा पीएफ भरला ते दिसतं. वरच्या उदाहरणात ७० कोटी पगार आणि साधारण ४८० माणसं दिसली तर माणशी वर्षाला साडेचौदा लाख पडतात, अनुभवी लोकांच्या कंपनीला साजेसं. याउलट १२ माणसं दिसली आणि पत्रात ‘५०० जणांची टीम’ लिहिलेली असली, तर बाकीचे कंत्राटदाराचे आहेत का ते विचारा. दुसरी जागा जीएसटीची. ‘Search Taxpayer’मध्ये व्यवसायाचं स्वरूप दिसतं: कारखाना, गोदाम, निर्यात, सेवा. जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७, गोव्याचे ३०. पुढची दहा अक्षरं कंपनीचा पॅन. पुण्याच्या आणि गोव्याच्या नोंदीत पॅन तोच असेल तर कंपनी एकच, पॅन वेगळा तर बोधचिन्ह सारखं असूनही कंपन्या दोन.

आता तुमचा ‘खोटी तर नाही ना’ हा प्रश्न. सरकारी नोंदीत कंपनी सापडली म्हणजे *पत्र* खरं ठरत नाही. भामटे खऱ्या कंपनीचं नाव, पत्ता, सीआयएन जसाच्या तसा उचलतात. म्हणून साखळी दुसऱ्या टोकाकडूनही जोडा. मोठ्या जर्मन कंपन्या वार्षिक हिशोबासोबत आपल्या मालकीच्या कंपन्यांची यादी देतात, त्यात देश आणि टक्केवारी असते. ‘इंडिया’ किंवा ‘पुणे’ शोधलं तरी सापडते. मधली डच कंपनीही तिथेच सापडेल. (अमेरिकन कंपनी असती तर तिच्या वार्षिक `10-K` अहवालातलं `Exhibit 21` बघा म्हटलं असतं, पण त्यात किरकोळ उपकंपन्या वगळायची मुभा असते. नाव नसलं म्हणून खोटी ठरवू नका.) मग मूळ कंपनीच्या संकेतस्थळावरून भारतीय कार्यालयाचा फोन घ्या, पत्रावरचा नव्हे, आणि पत्राचा संदर्भ क्रमांक सांगून विचारा. ईमेल कोणत्या डोमेनवरून आलाय तेही पाहा. पैसे मागितले असतील, ‘परत मिळणारी अनामत’ म्हणून का होईना, तर पुढचं काही तपासायची गरज नाही.

या सगळ्यातून एक गोष्ट कळणार नाही: मुलगा नक्की कोणत्या टीममध्ये, कोणत्या उत्पादनावर काम करणार. ते हिशोबात नसतं. ते त्याने स्वतः एचआरला विचारावं आणि सोबत दोन गोष्टी लेखी मागाव्यात. त्याचा कामाचा वरिष्ठ कोणत्या कंपनीच्या पगारावर आहे, पुण्याच्या की जर्मनीच्या. आणि पुढे समूहातल्या दुसऱ्या भारतीय कंपनीत बदली झाली तर आधीची सेवा ग्रॅच्युइटीसाठी धरली जाईल की राजीनामा देऊन नव्याने रुजू व्हावं लागेल. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पत्रात क्वचितच असतं, आणि सही करण्यापूर्वी विचारलं तर ते बहुधा मिळतं.